जीएसटीचा पासवर्ड आपल्याजवळ, काम अकाउंटंटजवळ: दुकानदारांसाठी मार्गदर्शक

आपल्याकडे तालुक्याच्या कुठल्याही टॅक्सवाल्याच्या ऑफिसात जा, एक जाडजूड डायरी दिसतेच. एका पानावर कृषी केंद्र, पुढच्या पानावर हार्डवेअर, मग सराफ, मग दाल मिल, आणि प्रत्येक नावापुढे युजरनेम-पासवर्ड. ऑफिसात कामाला बसणाऱ्या पोरालाही ती डायरी हाताळता येते. डायरी नसेल तर एक्सेल शीट असते, आणि ती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते.

त्या पासवर्डात काय काय येतं, हे बहुतेक दुकानदारांना माहीत नसतं. रिटर्न भरणं हा त्यातला एक भाग झाला. त्याच लॉगिनमधून नोंदणी रद्द करायचा अर्ज टाकता येतो, पत्ता आणि बँक खातं बदलता येतं, परताव्याचा दावा करता येतो, आलेल्या नोटिसा उघडता येतात. शिवाय तुमच्या लॉगिनमधून जे होतं ते तुम्हीच केलं असं धरलं जातं. उद्या वाद झाला तर ‘हे माझ्या अकाउंटंटनं केलं’ हे दाखवायला हातात काही राहत नाही.

पासवर्ड न देता काम सोपवायची सोय जीएसटी पोर्टलवरच आहे. मी दिग्रसला हार्डवेअर आणि पाइपचं दुकान चालवतो. आधी माझं खातं या पद्धतीवर आणलं, मग दारव्हा तालुक्यातल्या चुलतभावाच्या कृषी केंद्राचं. भावाचं खातं जास्त गुंतलेलं होतं, म्हणून उदाहरण त्याचंच घेतो. हे सगळं जीएसटीपुरतं आहे. इन्कम टॅक्सचं पोर्टल वेगळं, तिथली सोयही वेगळी.

आधी जमवून ठेवायचं

- जीएसटी नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म आरईजी-०६
- मालकाचं पॅन आणि आधार. आधारला जोडलेला मोबाइल चालू पाहिजे
- स्वतःच्या हातातला मोबाइल नंबर आणि स्वतः उघडलेला ईमेल
- दुकानाच्या जागेचा पुरावा: वीजबिल, भाडेकरार किंवा कर पावती
- अकाउंटंटचा जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून असलेला एनरोलमेंट आयडी

शेवटच्या ओळीवर अनेकांचं घोडं अडतं. त्याबद्दल दुसऱ्या पायरीत.

## १. ओटीपी कोणाच्या मोबाइलवर जातो ते आधी पाहा

पासवर्ड बदलला की खातं आपल्या ताब्यात आलं, असं बरेच जण समजतात. पण खातं ज्याच्या मोबाइलवर आणि ईमेलवर ओटीपी जातो त्याचं असतं, कारण तो ‘पासवर्ड विसरलो’ म्हणून दोन मिनिटांत नवा पासवर्ड बनवू शकतो. २०१७ मध्ये जीएसटी लागू झाला तेव्हा घाईघाईत नोंदण्या झाल्या आणि नोंदणी करून देणाऱ्यांनी आपलेच नंबर, आपलेच ईमेल टाकले. हे इतकं झालं की २०१८ मध्ये सरकारला त्यावर उपाय सांगणारं पत्रक काढावं लागलं.

तपासायला लॉगिनची गरज नाही. www.gst.gov.in वर Login उघडा, खाली Forgot Password दिसेल, तिथे युजरनेम टाका. ओटीपी तुमच्या मोबाइलवर आला तर ठीक. ओटीपी टाकू नका, तसंच बाहेर पडा, पासवर्ड जुनाच राहतो. मेसेज आलाच नाही तर नंबर दुसऱ्याचा आहे. ओटीपी ज्याला गेला त्याला कळतं की कोणीतरी हात लावतंय. म्हणून चांगल्या संबंधातल्या अकाउंटंटला आधी फोन करून सांगितलेलं बरं.

भावाच्या बाबतीत नंबर जुन्या अकाउंटंटचा होता. तो माणूस गाव सोडून गेलेला. ईमेलही त्यानंच उघडलेला, दुकानाच्या नावाचा, पण त्याचा पासवर्ड भावाला कधी मिळालाच नव्हता. अशा वेळी दोन रस्ते आहेत.

लॉगिन चालू असेल तर. आत गेल्यावर हा रस्ता घ्या:

```
Services > Registration > Amendment of Registration Non-Core Fields
```

तिथे Promoter / Partners आणि Authorized Signatory हे दोन्ही टॅब पाहा. मोबाइल आणि ईमेल बदलला की दोन्हींवर वेगवेगळे ओटीपी येतात, ते टाकून पडताळणी होते. शेवटी Verification मध्ये सही कशी करणार ते विचारतात. इथे ईव्हीसी, म्हणजे नोंदणीतल्या मोबाइलवरच्या ओटीपीनं होणारी पडताळणी, निवडली तर ओटीपी अजून जुन्याच नंबरवर जाऊ शकतो, म्हणजे परत तोच अडथळा. आधारवरून होणारी ई-सही निवडा. तिचा ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो. या बदलाला अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही. साधारण पंधरा मिनिटांत पावती क्रमांक येतो. मग लॉगआउट करा, परत आत जा आणि नवा नंबर दिसतो का ते बघा.

लॉगिनच हातात नसेल तर. मग ऑफिस गाठावं लागतं. कोणतं ऑफिस ते पोर्टलवरच कळतं: Search Taxpayer मध्ये आपला जीएसटी नंबर टाकला की तुमचं खातं राज्याच्या अधिकाऱ्याकडे आहे की केंद्राच्या, आणि कोणत्या कार्यक्षेत्रात, ते दिसतं. हे न पाहता थेट यवतमाळला किंवा अमरावतीला गेलेला माणूस ‘तुमचं आमच्याकडे नाही’ हे ऐकून परत येतो. अर्ज साधाच: नोंदणीतला मोबाइल आणि ईमेल माझा नाही, तो बदलून द्यावा. सोबत ओळखीचे आणि धंद्याचे कागद. खात्यात मालक म्हणून तुमचंच नाव आहे का ते अधिकारी तपासतात, कागद पोर्टलवर चढवतात, नवा नंबर-ईमेल टाकतात आणि पासवर्ड रिसेट करतात. मग तुमच्या नव्या ईमेलवर युजरनेम आणि तात्पुरता पासवर्ड येतो. Login च्या पानावर First time login ची लिंक असते, तिथून आत जाऊन स्वतःचा युजरनेम-पासवर्ड तयार करायचा.

ईमेल नवा उघडताना तो स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या हातानं उघडा. कॉम्प्युटर सेंटरवाल्यानं उघडून दिलेल्या ईमेलचा रिकव्हरी नंबर बहुधा त्याचाच असतो.

## २. तुमचा अकाउंटंट ‘प्रॅक्टिशनर’ आहे का ते विचारा

पोर्टलवर काम सोपवता येतं ते फक्त जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंद झालेल्या माणसाला. फॉर्म पीसीटी-०१ भरून अर्ज करतात, मंजूर झाला की पीसीटी-०२ हे प्रमाणपत्र मिळतं. सीए, कंपनी सेक्रेटरी, कॉस्ट अकाउंटंट, वकील यांना ही नोंद करता येते. बाकी पदवीधरांना काही अटींवर मिळते. हाताखालच्या पोरांना ती नसते.

म्हणजे इथे तीन प्रकारची माणसं भेटतात. एक, ज्यांची नोंद आहे आणि ते आयडी लगेच देतात. दुसरी, ज्यांची नोंद आहे पण वापरत नाहीत, कारण डायरीतून काम भरभर होतं. तिसरी, ज्यांची नोंदच नाही. तिसऱ्यासाठी पाचवी पायरी आहे. दुसऱ्याशी थोडं बोलावं लागतं. भावाच्या नव्या अकाउंटंटचं पहिलं उत्तर असं होतं: “भाऊ, माह्याकडे एवढे क्लायंट, प्रत्येकाचं वेगळं कुठं करत बसू? पासवर्ड देऊन टाका, काम झालं.” त्याची अडचण खोटी नव्हती. पण तो नोंद झालेला प्रॅक्टिशनर होता, आणि त्याच्या एका लॉगिनमध्ये सगळ्या क्लायंटची यादी दिसते, म्हणजे त्याला उलट कमी पासवर्ड सांभाळावे लागतात. हे त्याच्याच कॉम्प्युटरवर बसून पाहिल्यावर त्यानं कुरकुर सोडली.

आयडी तोंडी घेऊ नका, प्रमाणपत्राची प्रत मागा. पोर्टलवर शोधायलाही येतं: Services > User Services > Locate GST Practitioner (GSTP). जिल्हा निवडला की नावं येतात.

## ३. नेमणूक करा

आता आपल्या लॉगिनमध्ये जा. त्याआधी पासवर्ड बदलून घ्या, कारण जुना डायरीत आहेच. वर उजवीकडे आपलं नाव दिसतं, तिथून My Profile, मग Change Password. नंतर:

```
Services > User Services > Engage / Disengage GST Practitioner (GSTP)
```

आयडी टाका, Search दाबा. नाव आणि पत्ता समोर येतो. तो वाचा. आयडीत एक अक्षर चुकलं तर भलत्याच माणसाचं नाव येऊ शकतं, आणि पुढचं बटण दाबलं की तुमचा धंदा त्याच्या यादीत जाऊन बसतो. नाव बरोबर असेल तर संमतीच्या चौकटीवर खूण करून Confirm. कायद्याच्या भाषेत हा फॉर्म पीसीटी-०५ झाला.

काम इथे पूर्ण होत नाही. प्रॅक्टिशनरला त्याच्या लॉगिनमध्ये ही विनंती स्वीकारावी लागते. बरेच जण हे विसरतात. मग दुकानदार म्हणतो ‘मी तर केलं’, अकाउंटंट म्हणतो ‘मले दिसत नाही’, आणि तेवढ्यात रिटर्नची तारीख येते. त्याला फोनवर ठेवूनच स्वीकारायला लावा. हे महिन्याच्या शेवटच्या दिवसांत उरकलेलं बरं. ११ आणि २० तारखेच्या आसपास पोर्टलही दमलेलं असतं आणि अकाउंटंटही.

## ४. त्याला काय करता येतं, काय नाही

ही पायरी वाचूनच नेमणूक करावी असं माझं मत आहे, कारण ‘मर्यादित’ म्हणजे किती हे इथे कळतं.

सीजीएसटी नियम ८३ प्रमाणे प्रॅक्टिशनर तुमच्या वतीनं विक्रीचा तपशील भरू शकतो, मासिक, तिमाही आणि वार्षिक रिटर्न भरू शकतो, कराचा भरणा करू शकतो. परतावा मागणं, नोंदणीत दुरुस्ती, नोंदणी रद्द करणं, कंपोझिशनमध्ये जाणं किंवा बाहेर पडणं, हे अर्जही तो तयार करून टाकू शकतो. पण या दुसऱ्या गटात नियमानंच कुलूप लावलंय. तो अर्ज तुमच्या लॉगिनमध्ये दिसतो आणि तुम्ही होकार दिल्याशिवाय पुढे सरकत नाही. डायरीतल्या पासवर्डला असं कुलूप नसतं. दोन्ही पद्धतींमधला खरा फरक हाच.

दुसरं म्हणजे, त्यानं तयार केलेल्या विवरणावर त्याची स्वतःची डिजिटल सही किंवा त्याच्या ओळखीनं केलेली पडताळणी लागते. कोणी काय भरलं हे नोंदीत राहतं.

आता उलट बाजू. रिटर्नमधल्या आकड्यांची जबाबदारी कायद्यानं तुमच्याकडेच राहते, कलम ४८ मध्ये ते स्पष्ट लिहिलंय. प्रॅक्टिशनर नेमला म्हणून चुकीचं क्रेडिट घेतल्याची नोटीस त्याच्या नावानं येत नाही. आणि अधिकाऱ्यासमोर तुमच्या वतीनं हजर राहायचं असेल तर ही नेमणूक पुरत नाही, त्याला वेगळं अधिकारपत्र द्यावं लागतं.

ओटीपीचं काय? मेसेज आला की कशासाठी आलाय ते वाचायचं. पासवर्ड रिसेटचा ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. नेमणूक झाल्यावरही अकाउंटंट असा ओटीपी मागत असेल तर तो अजून तुमच्याच लॉगिनमधून जायचा प्रयत्न करतोय, हे समजून घ्या.

डिजिटल सहीचा डोंगल वापरणाऱ्यांनी, म्हणजे कंपनी किंवा एलएलपी असणाऱ्यांनी, तो अकाउंटंटच्या खणात पिनसकट ठेवू नये. पासवर्ड लपवून डोंगल दिला तर हातात काय उरलं?

## ५. नोंद नसलेला मुनीम असेल तर

अनेक दुकानांत हिशेब लिहिणारा माणूस गावातलाच, विश्वासाचा, पण प्रॅक्टिशनर नसतो. त्याला काढायची गरज नाही. त्याला पोर्टलच्या बाहेरचं काम द्या आणि पोर्टलवरचं थोडं स्वतः करा.

विक्रीची बिलं तो टॅलीत किंवा जीएसटीच्या मोफत ऑफलाइन टूलमध्ये भरतो आणि जेसन फाइल काढून देतो. तुम्ही लॉगिन करून ती चढवता. खरेदीच्या क्रेडिटची यादी, म्हणजे जीएसटीआर-२बी, दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होते. तुम्ही ती एक्सेलमध्ये उतरवून त्याला पाठवता, तो बिलांशी ताडून पाहतो. भावाकडे खरेदीची मोजकीच बिलं असतात, खत कंपनीची आणि बियाण्यांच्या डीलरची. त्याला हे मोबाइलवर जमलं नसतं, लॅपटॉपवर जमतं.

चलनही स्वतःच भरा. चलन तयार झालं की चौदा अंकी क्रमांक मिळतो आणि ते पंधरा दिवस चालतं. म्हणजे मुनीम आकडा काढून देतो, पैसे मात्र तुमच्या नेट बँकिंगमधून किंवा बँकेत जातात. प्रॅक्टिशनर असला तरी मी हाच नियम पाळतो. कराची रक्कम रोखीनं अकाउंटंटच्या हातात द्यायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. ती बंद करा.

माल पाठवण्यासाठी ई-वे बिल लागत असेल तर गोदामावरच्या माणसाला त्याचाही मुख्य पासवर्ड नको. ewaybillgst.gov.in हे पोर्टल वेगळं आहे आणि तिथे उप-वापरकर्ता बनवायची उत्तम सोय आहे: User Management > Create Sub User. त्याला फक्त बिल तयार करू द्यायचं की रिपोर्टही दाखवायचे, हे खुणा करून ठरवता येतं. माणूस काम सोडून गेला की त्याच मेनूतून Freeze.

## ६. सॉफ्टवेअरच पासवर्ड मागत असेल तर

काही अकाउंटंट म्हणतात, ‘मी नाही मागत, सॉफ्टवेअर मागतं.’ काही सॉफ्टवेअर खरंच पासवर्ड साठवून आपोआप लॉगिन करतात. पण मान्यताप्राप्त मार्गानं जोडणाऱ्या सॉफ्टवेअरला फक्त युजरनेम आणि ओटीपी पुरतो. त्यासाठी आपल्या लॉगिनमध्ये My Profile > Manage API Access इथे जाऊन Yes करायचं आणि मुदत निवडायची, कमीत कमी ६ तास, जास्तीत जास्त ३० दिवस. मुदत संपली की दार आपोआप बंद. अकाउंटंटला ३० दिवसांची सोय द्यायला हरकत नाही. ज्या सॉफ्टवेअरला पासवर्डच पाहिजे, त्याला नाही म्हणा.

## ७. भरलं की नाही ते स्वतः बघा

यासाठी लॉगिनही लागत नाही. Search Taxpayer मध्ये जीएसटी नंबर टाका, खाली Show Filing Table दाबा. कोणतं रिटर्न कोणत्या तारखेला भरलं ते दिसतं. दुकानात बसून मोबाइलवर होतं. तारखा डोक्यात ठेवा: मासिक भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत, ३बी २० तारखेपर्यंत. तिमाही भरणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात अनुक्रमे १३ आणि २२.

‘भरलं’ दिसलं म्हणजे बरोबर भरलं असं नाही. तिमाहीतून एकदा तरी लॉगिन करून ३बी उतरवून घ्या आणि त्यातला विक्रीचा आकडा आपल्या वहीशी लावून पाहा. भावाच्या खात्यात नंबर बदलल्यावर पहिल्यांदाच आम्ही जुनी रिटर्नं उघडली. दोन महिन्यांचं ३बी शून्य भरलेलं निघालं, आणि ते महिने पेरणीचे होते, म्हणजे सगळ्यात जास्त विक्रीचे. फरकाचा कर व्याजासकट भरावा लागला. त्याच वेळी Notices चा भागही उघडून पाहा. कागदी नोटीस घरी येईलच या भरवशावर राहू नका.

## ८. अकाउंटंट बदलताना

नेमणूक केली त्याच पानावर Disengage आहे. नवा नेमायच्या आधी जुन्याला तिथून काढा. पण त्याआधी त्याच्याकडून टॅलीचा बॅकअप, चलनांच्या पावत्या आणि खरेदी-विक्रीची एक्सेल घेऊन ठेवा, कारण हे सगळंच पोर्टलवर मिळतं असं नाही. चालू महिन्याचं रिटर्न भरून झाल्यावरच हे करा. अर्धवट तयार केलेलं काम मध्येच अडकलं तर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

मग Manage API Access मध्ये No करा, ई-वे बिलचा उप-वापरकर्ता गोठवा, आणि नोंदणीतला मोबाइल-ईमेल पुन्हा एकदा पाहून घ्या. फी बाकी असेल तर ती चुकती करून पावती घ्या. कागदपत्रं अडवून ठेवायचं कारण बहुतेक वेळा तेवढंच असतं.